आत्याची चार मिनिटं

ताई, नमस्कार. तुळशीचं लग्न झालं की पंधरा दिवसांनी माझ्या भाचीचं लग्न आहे. आम्ही दांडिया बाजारातले, चार पिढ्या बडोद्यात. घरात मराठी, रविवारी मटण. जावई चरोतरचे पटेल, त्यांच्याकडे कांदा-लसूणही चालत नाही. अंतरपाट आणि मंगलाष्टकं आमची. कन्यादान, चार फेरे आणि सप्तपदी त्यांच्या महाराजांच्या हातून. दोघांनी मला गळ घातली आहे, ‘आत्या, तू पाच मिनिटं बोल, आयुष्यभराच्या बांधिलकीवर.’ मी बँकेत तीस वर्षं काढली, भाषण एकदाही केलं नाही. सुरुवातीला दुधात साखरेची गोष्ट घ्यावी असं मनात आहे. मग एक गोड प्रसंग: मांजलपूरला भाड्याने घेतलेल्या घरात जावयाने गॅलरीत स्वतः फळी ठोकली. तिच्यावर एक शेगडी आणि भाचीचा आमलेटचा तवा. तो स्वतः अंडं खात नाही. हे सांगू ना? कुठल्या भाषेत बोलू? फेऱ्यांच्या आधी की नंतर? आणि घरं इतकी वेगळी असताना असं काय बोलावं, की पोकळ वाटणार नाही आणि कोणी दुखावणारही नाही?
— एक आत्या, बडोदा

आत्याबाई,

तव्याची गोष्ट माइकवर सांगू नका. गोष्ट गोड आहे, वाचताना मीही क्षणभर थांबले. पण तो तवा जावयाच्या आईला ठाऊक आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ठाऊक नसेल तर मांडवात पहिल्यांदा कळेल, तेही सगळ्या चरोतरसमोर.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी नात्यातल्या एका लग्नात सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मुलगी मासे खाणाऱ्या घरातली, मुलगा वैष्णव. मी मोठ्या कौतुकाने म्हणाले, ‘आमच्या मुलीने प्रेमापोटी मासळी सोडली.’ टाळ्या पडल्या. मुलाच्या आजीने उठून सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. मुलगी मात्र माझ्याकडे बघत राहिली. तिने काही सोडलंच नव्हतं. घरात आणायचं नाही, माहेरी खायचं, असं दोघांचं आपापसात ठरलं होतं. मी मात्र चारशे माणसांसमोर तिच्या वतीने शब्द देऊन बसले. पुढे ती माहेरी जेवली की साडी बदलून सासरी परतायची, वास येऊ नये म्हणून. हे तिने मला पाच वर्षांनी हसत हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

तेव्हापासून लग्नातल्या बोलण्याला मी एकच चाळणी लावते. बांधिलकीवर बोलणारा माणूस नकळत दुसऱ्यांच्या वतीने वचनं देत सुटतो. ‘ही दोन्ही घरं सांभाळेल’, ‘तो तिला कधी एकटं पडू देणार नाही’, ‘ती त्यांच्या घरात एकरूप होईल’. ऐकायला शुभेच्छा वाटतात, पण माइकवरून गेलं की ती सही होते, आणि सही करणारा दुसराच असतो. तुम्ही बँकेतल्या आहात, दुसऱ्याच्या वतीने सही करायला काय काय कागद लागतात ते मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा लिहून झालं की प्रत्येक वाक्यावर बोट ठेवा आणि विचारा, हे वचन आहे का, आणि असेल तर ते माझं आहे का? दुसऱ्याचं निघालं तर खोडा.

आता दुधात साखर. संजाणला पारशी उतरले, राजाने काठोकाठ भरलेलं दूध पाठवलं आणि त्यांनी त्यात साखर घालून परत केलं, ही आख्यायिका गुजरातेत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि अशा लग्नात कोणी ना कोणी ती सांगतोच. कंटाळा हे वेगळं कारण, पण माझी खरी अडचण दुसरी आहे. दूध कोण आणि साखर कोण? मांडवातल्या प्रत्येकाने मनात ठरवलेलं असतं, साखर म्हणजे मुलगी. आणि साखरेचं काम काय, तर विरघळणं. वर पातळी तसूभरही न वाढवता. परक्या देशात आश्रय मागायला आलेल्यांनी तसं म्हणणं शहाणपणाचं होतं. भाड्याच्या घराचं निम्मं भाडं भरणाऱ्या मुलीला हे कशाला ऐकवायचं? निम्मं ती भरते हा माझा आपला अंदाज, पण गॅलरीतली फळी बघता चुकला नसावा.

सेव-उसळीची उपमाही नको. उसळ आपली, सेव त्यांची, बडोद्याने दोन्ही एका बशीत आणली, वगैरे. मी दोन लग्नांत ऐकली, दोन्हीकडे हशा पिकला आणि दोन्हीकडे लोकांना भूक लागली. बांधिलकीबद्दल ती काहीच सांगत नाही.

मग घ्यायचं काय? तुमच्या विधींमध्येच ते पडलेलं आहे. कन्यादानाच्या वेळी मुलीचे वडील म्हणतात, ‘धर्मे च अर्थे च कामे च नातिचरितव्या त्वयेयम्’, आणि मुलगा उत्तर देतो, ‘नातिचरामि’. आपल्या लग्नांत हा शब्द सगळ्यांच्या कानावरून गेलेला असतो आणि अर्थ विचारला तर दहातले आठ जण ‘कायम साथ देईन’ असं काहीतरी सांगतात. शब्द तसा नाही. चर् म्हणजे चालणं, अतिचर् म्हणजे ओलांडून जाणं. नातिचरामि: मी ओलांडून जाणार नाही. ‘मी तुझ्यावर प्रेम करीन’ नाही, ‘तुझ्यासाठी सगळं सोडीन’ नाही, ‘आपण एक होऊ’ तर मुळीच नाही. तुला वळसा घालून, तुला मागे टाकून मी पुढे जाणार नाही, एवढंच. आणि कशात ते मोजून सांगितलंय: धर्मात, अर्थात, कामात.

दोन वेगळ्या घरांतल्या माणसांसाठी मला हा शब्द साथीपेक्षा खरा वाटतो. साथ म्हटलं की कोणीतरी कोणाच्या तरी मागे चालायला लागतं. ओलांडणार नाही म्हटलं की दोघं आपापल्या जागी शाबूत राहतात आणि मधली रेघ दोघांना दिसत राहते. तुमच्या जावयाने अंडं खाल्लं नाही, भाचीने सोडलं नाही, आणि फळी ठोकली गेली. नातिचरामि ते हेच. (तरीही माइकवर नाही.)

आणि आता गंमत पाहा. गुजराती लग्नात मंगळफेरे चार. ते चार कशाचे, असं महाराजांना विचारा. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष, असंच सांगतील. म्हणजे भाचीचे वडील कन्यादानात जे तीन शब्द उच्चारतील, त्यांच्याच भोवती पुढच्या अर्ध्या तासात दोघं फिरणार. तुम्हाला दोन घरांमधला पूल शोधायला कुठे जायला नको. ‘आपल्या संस्कृती वेगळ्या पण मनं एक’ असलं काही म्हणण्यापेक्षा हे तीन शब्द दोन्ही बाजूंना दाखवा. मात्र एक करा, आधी महाराजांना फोन करून विचारा की ते ‘नातिचरामि’ वदवून घेतात का आणि फेऱ्यांचा अर्थ कसा सांगतात. पद्धती घरागणिक बदलतात. तुम्ही बोलून गेलात आणि विधीत ते झालंच नाही, तर पहिल्या रांगेतले काका लगेच शेजाऱ्याच्या कानाला लागतील.

मंत्राचा अर्थ सांगणं हा आपला अधिकार नाही असं वाटून तुम्ही बिचकाल. बिचकू नका, बडोदेकरांना हे नवं नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात, 1915 साली, या राज्यात पुरोहितांसाठी कायदाच केला होता. पौरोहित्य करणाऱ्याने परीक्षा द्यावी, आणि जे म्हणतो ते त्याला कळत असावं, हा हेतू. अर्थ कळून लग्न लावण्याचा आग्रह या गावात शंभर वर्षांहून जुना आहे.

एक खटकणारी गोष्ट मात्र राहते. हे वचन विधीत एकटा मुलगा देतो. मुलीला कोणी विचारत नाही, तिच्याबद्दल तिचे वडील आणि नवरा बोलतात. भाचीलाही तो शब्द उच्चारायचा असेल तर तिला आधी विचारा आणि महाराजांना सांगून ठेवा, बहुतेक जण हल्ली हरकत घेत नाहीत. पण तुम्ही माइकवरून ‘आता आमची मुलगीही म्हणेल’ असं करू नका. तीच चूक, वेगळ्या साडीत.

वेळेचं म्हणाल तर सप्तपदीनंतर. मंगलाष्टकांच्या आधी बोलायला गेलात तर मुहूर्त गाठायची घाई, महाराज घड्याळ बघणार, मामा अंतरपाट धरून ताटकळणार. फेऱ्यांच्या आधी बोललात तर तो उपदेश होतो, कारण लग्न अजून लागायचं असतं. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम 7 सांगतं की विधी दोघांपैकी कुठल्याही एका बाजूच्या रूढीप्रमाणे झाले तरी चालतात, आणि जिथे विधीत सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण झाला आणि बंधनकारक झाला. (कोणी म्हणालंच की ‘आमचे सगळे विधी नाही झाले, मग हे लग्न कसलं’, तर हे उत्तर खिशात असू द्या.) तेव्हा सातवं पाऊल पडू द्या, दोघांना पाटावर टेकू द्या, आणि नमस्कारांची रांग लागायच्या आत उभ्या राहा. एकदा ती रांग सुरू झाली की कोणी कोणाचं ऐकत नाही. जेवणाचे काउंटर तोवर उघडलेले असतील. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला दोनच माणसांशी बोलायचंय, बाकीचे ऐकतील तर ऐकतील.

पाच नाही, चार मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलंय, माइकवर सावकाश बोललं की मराठीत मिनिटाला शंभरच्या आसपास शब्द होतात. म्हणजे चारशे शब्द, हाताने लिहिलं तर दीड-दोन पानं.

भाषेबद्दल एकच सांगते: तेच वाक्य दोनदा, एकदा मराठीत आणि एकदा गुजरातीत, असं करू नका. दोन्ही बाजू अर्धा वेळ मोबाइल काढतील. ज्याच्याशी बोलताय त्याच्या भाषेत बोला. पाहुण्यांशी गुजराती, भाचीशी मराठी, आणि मधला अर्थ सोप्या मराठीत. बडोद्याचे पाहुणे तो समजतील, चरोतरच्या आजीबाईंना शेजारचं कोणी सांगेल. तुमचं गुजराती बँकेच्या खिडकीवर घोटलेलं आहे, ते तसंच असू द्या. सराव करून पुस्तकी केलंत तर त्यातला आपलेपणा जाईल.

तव्याऐवजी दुसरा प्रसंग लागेल. दोघांना वेगवेगळं गाठा, एकत्र नको, एकत्र असले की एकमेकांकडे बघून छान छान सांगतात. दोघांना एकच प्रश्न विचारा: ‘अशी वेळ सांग, की तू एकट्याने ठरवू शकला असतास, आणि तरी थांबलास.’ मोठं काही निघणार नाही आणि निघायलाही नको. मी असंच एकदा विचारलं तेव्हा मुलगी म्हणाली, पुण्याहून नोकरीचं पत्र आलं, होकार पाठवायला एक बटण दाबायचं होतं, पण तो कामावर खेडेगावात होता, फोन लागेना, म्हणून दोन दिवस पत्र तसंच ठेवलं. मुलगा म्हणाला, माझ्या वडिलांना घराच्या दुरुस्तीला पैसे हवे होते, ते मी तिला सांगितल्यावरच दिले, ‘ती नाही म्हणणार नव्हतीच, तरी.’ हा ‘तरी’ मला फार आवडला. असं काही मिळालं की ते मांडवात सांगायची परवानगी दोघांकडून घ्या, आणि ज्यांचा त्यात उल्लेख आहे त्यांच्याकडूनही. वडिलांना पैसे लागले ही गोष्ट मी त्या लग्नात सांगितली नव्हती. पत्राची सांगितली.

खाली एक मसुदा देते. नोकरीच्या पत्राच्या जागी तुमच्या भाचीचा प्रसंग घाला, बाकी तुमच्या तोंडी बसेल तसं बदला.

‘वेवाई, वेवाण अने बधा वडीलोने मारा नमस्कार. मारुं गुजराती बँकनुं छे, भूल थाय तो चलावी लेजो.

आम्ही तुम्हाला व्याही म्हणतो, तुम्ही आम्हाला वेवाई म्हणता. आम्ही विहीण म्हणतो, तुम्ही वेवाण. सहा महिने मी दोन्ही घरांत वेगळं काय आहे तेच मोजत होते, आणि हे शब्द शेजारी शेजारी उभे आहेत हे परवा लक्षात आलं.

मुलांनो, तुम्ही मला बांधिलकीवर बोलायला सांगितलंत. मी काही तुम्हाला शिकवणार नाही. तुम्ही मघाशी जे केलंत, ते मी काय पाहिलं तेवढं सांगते.

दादाने तुझा हात देताना तीन शब्द म्हटले. धर्म, अर्थ, काम. यात हिला ओलांडून जाऊ नकोस, असं तो म्हणाला. आणि तुम्ही, जावईबापू, म्हणालात, नातिचरामि. ओलांडणार नाही. नंतर महाराजांनी चार फेरे सांगितले. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष. तेच तीन शब्द परत आले. दोन घरांनी तुम्हाला एकच गोष्ट दोनदा सांगितली, कारण आपल्याकडे महत्त्वाचं दोनदा सांगायची पद्धत आहे.

मोक्षाचं मला काही कळत नाही, तो महाराजांवर सोडते. बाकीच्या तिघांबद्दल मला एवढं कळतं की ते रोजचेच आहेत. देवापुढे काय ठेवायचं, हा धर्म. पगार कुठे जातो, हा अर्थ. आणि तुला स्वतःला काय हवंसं वाटतं, हा काम. या तिन्हींत तुमची दोन घरं वेगळी आहेत, आणि वेगळी राहिली तरी माझी हरकत नाही.

मला एक प्रसंग माहीत आहे, तो सांगायची परवानगी मी घेतली आहे. हिला पुण्याहून नोकरीचं पत्र आलं. होकार द्यायला एक बटण दाबायचं होतं. ते तिने दोन दिवस दाबलं नाही, कारण याचा फोन लागत नव्हता. तो नाही म्हणेल अशी भीती तिला नव्हती. त्याला नंतर कळलं असतं तरी तो आनंदाने हो म्हणाला असता. तरी ती थांबली. तेव्हा हिला ना संस्कृत येत होतं ना कोणी मंत्र म्हणत होतं. मला वाटतं, लग्न त्याच दोन दिवसांत लागलं होतं. आज आम्ही फक्त जेवायला आलो.

गुजरातीत तीन गोड शब्द आहेत. चालशे, फावशे, गमशे. चालेल, जमेल, आवडेल. नव्या सुनेला हे तीन शब्द सगळे सांगतात. आज ते मी आमच्या घराच्या वतीने नाही, फक्त माझ्या वतीने, जावईबापूंच्या आईंना सांगते. वेवाण, मने चालशे, मने फावशे, अने मने गमशे.

आणि एक वचन देते, ते माझंच आहे. माझ्या स्वयंपाकघरात आता एक पातेलं वेगळं आहे. त्यात कांदा-लसूण कधी शिजलेला नाही आणि शिजणार नाही. तुम्ही न सांगता आलात तरी ते घासलेलं असेल.

बसते मी. जय श्रीकृष्ण.’

शेवटचा नमस्कार त्यांच्या घरी जो म्हणतात तोच म्हणा. पटेलांकडे ‘जय स्वामिनारायण’ म्हणत असतील तर तसं. हे आधी विचारून ठेवा, या एका शब्दाकडे त्यांच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचं बरोबर लक्ष असतं. आणि महाराजांनी फोनवर वेगळं काही सांगितलं तर फेऱ्यांचं वाक्य त्याप्रमाणे बदला.

यात मी काय गाळलं, तेही पाहा. भाचीचे गुण नाहीत, जावयाचे नाहीत. ‘आमची मुलगी लाडात वाढली’ नाही, त्या वाक्याने समोरच्यांना नेमकं काय ऐकू जातं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. मटण नाही. कांदा-लसणाचा उल्लेख आहे, पण त्यांच्या नियमाची चर्चा म्हणून नाही, तुमच्या पातेल्याची गोष्ट म्हणून. नियम त्यांचा, सोय तुमची, कोणी कोणाला बदललं नाही. ‘आमच्या घराच्या वतीने नाही’ हे शब्द मुद्दाम ठेवलेत. तुमच्या भावाला किंवा वहिनींना काय चालेल ते त्यांचं त्यांनी सांगावं.

फसण्याची जागा एकच आहे, ‘आज आम्ही फक्त जेवायला आलो’ ही. तिथे हशा येईल आणि लगेच पुढचं वाक्य घेतलंत तर ‘चालशे, फावशे’ कोणाला ऐकू जाणार नाही. कागदावर तिथे मोठी आडवी रेघ मारा आणि हशा ओसरेपर्यंत भाचीकडे बघा. रडू येत असेल तर ते बहुधा त्या दोन दिवसांपाशी येईल. घरी तीन वेळा मोठ्याने वाचा, भिंतीला नाही, कोणाला तरी समोर बसवून. तिसऱ्या वेळीही त्याच वाक्याला आवाज चिरकला तर ते वाक्य छोटं करा, धीर धरून रेटू नका. कागद एक तुमच्याकडे, एक तुमच्या मुलीकडे किंवा पुतण्याकडे, म्हणजे थांबलात तर तो पुढे वाचेल. मोबाइलवरून वाचू नका, मांडवातल्या दिव्यांत पडद्यावरचं दिसत नाही आणि नेमका तेव्हाच कोणाचा तरी फोन येतो.

व्हिडिओवाल्याला आधी सांगा की या चार मिनिटांत कॅमेरा तुमच्यावर नको, दोघांवर हवा. माइक तपासायला सकाळीच जा. फेऱ्यांच्या वेळी महाराजांच्या गळ्यात जो बारीक माइक असतो तो बऱ्याचदा चालूच राहतो, आणि तुम्ही बोलत असताना त्यांची दक्षिणेची बोलणी सगळ्या मांडवाला ऐकू जातात. एका लग्नात झालंय, आकड्यासकट.

तव्याबद्दल भाचीशी एकदा निवांत बोला, लग्नाच्या धामधुमीत नाही. सासूबाईंना कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हे तिचं आणि त्याचं. तुम्ही आत्या आहात म्हणून तुम्हाला तवा दाखवला त्यांनी, तो दाखवतानाच थोडा विश्वासही दाखवलाय.

आणि पातेलं खरोखर घ्या. भाषणाच्या आधी, झाकणासकट, आणि त्याचा डावही वेगळा. व्याह्यांकडचं कोणीतरी पहिल्याच महिन्यात चहाला येतं आणि सहज म्हणून स्वयंपाकघरात डोकावतं.

तुमची,
ताई